माझ्या युनिटांची जन्मतारीख

जुलै २०२५मध्ये प्राप्तिकर विवरणपत्र भरण्यासाठी मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या कार्यालयात गेले. तो आता सनदी लेखापाल आहे, पण मला अजूनही ‘बाई’च म्हणतो. कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवून मिळणारा पगार, बचत खात्याचे व्याज आणि एक-दोन मुदत ठेवी एवढ्यावर माझे विवरणपत्र आजवर ‘सहज’ या साध्या फॉर्मवर भागत आले होते. त्या दिवशीही अर्ध्या तासात काम उरकेल असे मी धरून चालले होते. त्याने प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावरून माझे वार्षिक माहिती विवरण उतरवून घेतले, पडदा माझ्याकडे वळवला आणि विचारले, “बाई, गेल्या ऑगस्टमध्ये तुम्ही ८ लाख ४० हजारांची म्युच्युअल फंडाची युनिटे विकलीत?”

मी काहीही विकलेले नव्हते, आणि तसे ठामपणे सांगितलेही. पुढचा दीड तास तो मला हे समजावून देण्यात गेला, की मी एकदा विकली होती, आता जूनमध्ये त्यातली निम्मी पुन्हा विकली होती, आणि दोन्ही विक्रींवर लागणारा कर एकमेकांपासून अगदी वेगळा होता.

घडले होते ते असे. जून २०१९ ते मे २०२३ या चार वर्षांत, दरमहा दहा हजार रुपयांच्या एसआयपीने, मी एका इक्विटी फंडाच्या रेग्युलर योजनेत ४८ हप्ते भरले. एकूण गुंतवणूक ४ लाख ८० हजार झाली. पुढे घरखर्च वाढल्यामुळे हप्ते थांबवले, पण जमलेल्या पैशाला हात लावला नाही. २०२४च्या पावसाळ्यात शिक्षक-कक्षात एकदा गुंतवणुकीचा विषय निघाला असता एका सहकाऱ्याने सांगितले, की रेग्युलर योजनेत मध्यस्थाचे कमिशन दरवर्षी कापले जाते, त्याच फंडाच्या डायरेक्ट योजनेत ते वाचते, आणि बदल करायला पाच मिनिटे पुरतात. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. १२ ऑगस्ट २०२४ रोजी मी फंडाच्या ॲपवर ‘स्विच’ हे बटण दाबले. रेग्युलर योजनेची ११,२०० युनिटे ७५ रुपये भावाने गेली आणि, मुद्रांक शुल्काची किरकोळ वजावट सोडली, तर ८४ रुपये भावाने डायरेक्ट योजनेची १०,००० युनिटे आली. फंड तोच, व्यवस्थापक तोच, आतले शेअर तेच, आणि माझ्या बँक खात्यात एक पैसाही आला नाही. पैसे एका खिशातून दुसऱ्या खिशात ठेवावेत, तसा हा प्रकार आहे असे माझे मत होते.

कायद्याचे मत तसे नाही. रेग्युलर आणि डायरेक्ट या एकाच फंडाच्या योजना असल्या, तरी त्यांची युनिटे वेगळी मालमत्ता मानली जातात, आणि एक देऊन दुसरी घेणे म्हणजे पहिलीचे हस्तांतरण होते. त्यामुळे त्या दिवशी दोन गोष्टी एकाच क्षणी घडल्या. जुन्या ४८ हप्त्यांवर साचलेला सारा नफा त्या तारखेला ‘झाला’, म्हणजे करपात्र झाला, आणि हातात आलेली नवी युनिटे १२ ऑगस्ट २०२४ला जन्मली. मी मात्र मनात त्यांची जन्मतारीख २०१९ धरून बसले होते.

इथे त्या विद्यार्थ्याने कागदावर रेघ ओढून मला धारण-कालावधीचा नियम समजावला. शेअर बाजारात नोंदलेले शेअर आणि इक्विटी फंडाची युनिटे बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ जवळ ठेवून विकली, तर नफा दीर्घकालीन ठरतो. बारा महिने किंवा त्याहून कमी काळ ठेवली, तर तो अल्पकालीन ठरतो. २३ जुलै २०२४पासूनच्या विक्रीवर अल्पकालीन नफ्याला सरसकट २० टक्के कर आहे. दीर्घकालीन नफ्यातले वर्षाला पहिले सव्वा लाख रुपये करातून सुटतात आणि उरलेल्यावर साडेबारा टक्के लागतात. दोन्हींवर ४ टक्के उपकर वेगळा. त्या तारखेआधी हेच दर १५ आणि १० टक्के होते.

एसआयपीच्या बाबतीत लोकांचा, आणि माझाही, एक ठाम गैरसमज असतो. २०१९ला सुरू केलेली एसआयपी म्हणजे २०१९ची गुंतवणूक असे आपण बोलतो, पण प्रत्येक हप्ता ही स्वतंत्र खरेदी असते आणि तिचे बारा महिने तिच्याच तारखेपासून मोजले जातात. विकताना जे आधी आले ते आधी गेले असे धरतात, म्हणजे सर्वांत जुनी युनिटे प्रथम खर्ची पडतात. मे २०२३मध्ये मी हप्ते थांबवले नसते, तर ऑगस्ट २०२४च्या स्विचमध्ये शेवटच्या बारा हप्त्यांवरचा नफा अल्पकालीन निघाला असता आणि बाकीचा दीर्घकालीन. माझ्या सुदैवाने शेवटचा हप्ताही स्विचच्या वेळी पंधरा महिन्यांचा झाला होता, त्यामुळे अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस तारखा रेघेच्या सुरक्षित बाजूला होत्या.

८ लाख ४० हजारांतून ४ लाख ८० हजार वजा जाता नफा ३ लाख ६० हजार झाला. त्यातून सव्वा लाख सुटले, २ लाख ३५ हजार उरले. त्यावर साडेबारा टक्क्यांनी २९,३७५ आणि उपकरासह ३०,५५० रुपये कर निघाला. हेच बटण मी २३ जुलैच्या आधी दाबले असते, तर दर १० टक्के राहिला असता, आणि सव्वा लाखाची वाढीव सूट त्या आर्थिक वर्षात आधीच्या विक्रीलाही लागू होती, त्यामुळे उपकरासह ६,११० रुपये कमी लागले असते. तीन आठवड्यांचा उशीर महाग पडला, पण अर्थसंकल्पात काय येणार हे मला ठाऊक असण्याचे कारण नव्हते, म्हणून त्याबद्दल मी स्वतःला फारसा दोष देत नाही.

दोष द्यायचा, तो व्याजाबद्दल. पगारातून कापला जाणारा कर पगारापुरताच असतो. त्याखेरीज दहा हजार किंवा त्याहून जास्त कर देणे निघत असेल, तर तो वर्षातच अग्रिम करापोटी भरावा लागतो. नफा ऑगस्टमध्ये झाला असल्यामुळे जूनच्या हप्त्याचा प्रश्न नव्हता, पण १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च हे तीनही हप्ते मी चुकवले होते. त्याचे व्याज १,४०३ आणि एप्रिल ते जुलै या चार महिन्यांचे आणखी १,२२० असे मिळून २,६२३ रुपये झाले. स्विचच्या वेळी ॲपवर कुठे तरी बारीक अक्षरांत कराचा उल्लेख असेलही. मी वाचला नव्हता. बँकेत पैसे न आल्यामुळे कर भरायचे मनात आले नाही, एवढेच माझे स्पष्टीकरण होते, आणि व्याजाच्या कलमात त्याला जागा नाही. शिवाय नफा सव्वा लाखापेक्षा जास्त असल्यामुळे ‘सहज’ फॉर्म चालणार नव्हता. मला पहिल्यांदाच आयटीआर-२ भरावा लागला.

मी थोडी चिडून विचारले, की मग स्विच करायलाच नको होता का? त्याने दिलेले उत्तर मला पटले. ३०,५५० रुपये काही वाया गेले नव्हते. तो नफा कधी ना कधी काढताना हा कर द्यावाच लागला असता, आणि आता माझी नवी खरेदी किंमत ४ लाख ८० हजारांऐवजी ८ लाख ४० हजार झाली होती, म्हणजे पुढचा नफा तिथूनच मोजला जाणार होता. चूक झाली ती सारे एकाच वर्षात केल्याची. काही युनिटे मार्चपूर्वी, काही एप्रिलनंतर आणि उरलेली त्यापुढच्या एप्रिलनंतर स्विच केली असती, तर सव्वा लाखाची सूट तीनदा वापरता आली असती. अर्थात, आधी जुनी युनिटे जातात आणि त्यांच्यावरच सर्वांत जास्त नफा साचलेला असतो, म्हणून पहिल्या वेळी तिसऱ्या हिश्शाहून कमी युनिटे स्विच करावी लागली असती. हा हिशेब कॅम्स किंवा केफिनटेक या निबंधक संस्थांच्या भांडवली नफ्याच्या पत्रकावरून हप्त्यागणिक मांडता येतो. ते पत्रक मागवता येते हेही मला तोवर माहीत नव्हते.

आता जूनच्या विक्रीकडे. मुलीच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या शुल्काचा पहिला हप्ता भरायचा होता, म्हणून २० जून २०२५ रोजी मी ५,००० युनिटे ८९ रुपये भावाने विकली. हाती ४ लाख ४५ हजार आले. ही युनिटे सहा वर्षे जुनी आहेत असे मानून मी निर्धास्त होते, पण त्यांना जन्मून जेमतेम दहा महिने झाले होते. युनिटमागे ५ रुपये याप्रमाणे २५ हजारांचा नफा अल्पकालीन ठरला आणि त्यावर उपकरासह ५,२०० रुपये कर बसला. अल्पकालीन नफ्याला सव्वा लाखाची सूट नाही, पहिल्या रुपयापासून कर लागतो, ही गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. रक्कम दहा हजारांच्या आत असल्याने या वेळी अग्रिम कराचा आणि व्याजाचा प्रश्न आला नाही. योजनेचा एक्झिट लोड, म्हणजे लवकर पैसे काढल्यास फंड कापतो तो आकार, तोही तीनच महिन्यांपुरता असल्याने लागला नाही. काही योजनांत तो वर्षभर असतो आणि स्विचनंतर कोणत्या तारखेपासून मोजायचा ते प्रत्येक फंड आपल्या माहितीपत्रकात ठरवतो, म्हणून ते वेगळे पाहावे लागते.

दुसरा हप्ता ऑगस्टअखेर भरायचा होता. उरलेली ५,००० युनिटे आताच विकून मोकळे व्हावे की थांबावे, असे मी विचारले. तो म्हणाला, “बाई, १३ ऑगस्टच्या आधी हात लावू नका.” कायद्यात ‘बारा महिन्यांपेक्षा जास्त’ असे शब्द आहेत. १२ ऑगस्ट २०२४ला मिळालेली युनिटे ११ किंवा १२ तारखेला विकण्याच्या फंदात न पडता एक दिवस पुढे जायचे. आणि मोजणी आपण अर्ज केलेल्या दिवसापासून करायची नाही, तर ज्या दिवसाच्या भावाने युनिटे वाटली गेली, म्हणजे पत्रकावर वाटपाची जी तारीख छापलेली असते, तिच्यापासून करायची. दुपारी तीननंतर केलेल्या अर्जाला पुढच्या दिवसाचा भाव मिळतो, आणि मग बारा महिन्यांची सुरुवातही एक दिवस पुढे सरकते.

थांबण्याची किंमतही असते, आणि तीही त्याने मांडून दाखवली. जुलैत भाव ८९च्या आसपास होता. तेव्हा विकले तर युनिटमागे ५ रुपये नफा, त्यावर २०.८ टक्क्यांनी १ रुपया ४ पैसे कर. थांबले तर हा कर शून्य, पण तेवढ्यात भाव १ रुपया ४ पैशांहून जास्त पडला तर वाचवलेला कर बाजाराने नेला. म्हणजे सव्वा टक्क्याहूनही कमी घसरण माझे थांबणे फोल ठरवायला पुरेशी होती. नफा लहान असेल तर थांबण्याचा फायदा असा अगदी पातळ असतो. नफा विक्रीच्या निम्म्याएवढा असता, तर हीच सीमा दहा टक्क्यांच्या वर गेली असती, आणि मग दोन-चार आठवडे थांबणे सहसा शहाणपणाचे ठरले असते. मला पैसे तसेही ऑगस्टअखेरच लागणार होते, म्हणून थांबले. १३ ऑगस्टला, बुधवारी, ८८ रुपये भावाने विक्री झाली. ४ लाख ४० हजार आले, २० हजारांचा नफा दीर्घकालीन झाला आणि सव्वा लाखाच्या आत असल्यामुळे त्यावर कर लागला नाही. ८९ला विकून कर भरला असता तर हातात ४,३९,८०० राहिले असते. काही आठवडे कॅलेंडरवर खुणा करून मी कमावले दोनशे रुपये. विद्यार्थी हसला नाही, मी मात्र हसले.

या बैठकीत मला एक प्रश्न सतत टोचत होता. वस्तू तीच, नफा तोच, मग एका दिवसाच्या फरकाने २० टक्क्यांवरून शून्य किंवा साडेबारा टक्के का व्हावेत? त्यामागचा विचार साधारण असा आहे. वर्षाच्या आत घेऊन विकणाऱ्याचा नफा व्यापारातल्या कमाईच्या जवळ जातो, म्हणून त्यावर चढा दर. अनेक वर्षे ठेवलेल्या मालमत्तेच्या वाढीत मात्र महागाईचा वाटा मोठा असतो, म्हणजे आकडा वाढतो पण त्यातून घेता येणाऱ्या वस्तू तेवढ्या वाढत नाहीत. शिवाय दहा वर्षांत हळूहळू साचलेली वाढ विक्रीच्या एकाच वर्षात करपात्र होते. महागाईचे हे दुखणे दूर करण्यासाठी १९९२च्या वित्त कायद्याने खरेदी किंमत निर्देशांकाने वाढवून घेण्याची सोय दिली होती. नोंदलेल्या शेअरांना तर १ ऑक्टोबर २००४पासून ३१ मार्च २०१८पर्यंत दीर्घकालीन नफ्यावर करच नव्हता. शेअरांच्या सौद्यावर लागणारा रोखे व्यवहार कर भरला की पुरे होते. २०१८मध्ये शेअरांवर कर परत आला, तो निर्देशांकाविना. २३ जुलै २०२४पासून इतर बहुतेक मालमत्तांचीही निर्देशांकाची सोय गेली. आता थांबल्याचे फळ मिळते ते केवळ कमी दराच्या आणि शेअर-फंडांपुरत्या सव्वा लाखाच्या रूपात.

माझ्या मते ही रेघ ठोकळ आहे. तेरा महिने थांबणारा आणि तेरा वर्षे थांबणारा यांना कायदा एकाच मापाने मोजतो, आणि महागाईचा युक्तिवाद तेरा महिन्यांच्या नफ्याला फारसा लागू पडत नाही. सोने आणि घर यांना हीच रेघ चोवीस महिन्यांवर आहे. आणि १ एप्रिल २०२३पासून घेतलेल्या, म्हणजे कर्जरोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या, डेट फंडांना ती अजिबातच नाही: पाच वर्षे ठेवले तरी त्यांचा नफा अल्पकालीनच मानला जातो आणि पगारात मिळवून आपल्या टप्प्याच्या दराने त्यावर कर लागतो. माझा असा एक लहान फंड होता. तो “आणखी वर्षभर ठेवते, कर कमी होईल” म्हणून मी राखून ठेवला होता. त्या राखण्याला करापुरता काही अर्थ नव्हता.

त्याच दुपारी बाबांच्या शेअरांचा विषय निघाला. बाबा डिसेंबर २०२४मध्ये गेले. त्यांच्या डीमॅट खात्यातले एका कंपनीचे १५० शेअर नामनिर्देशनानुसार फेब्रुवारी २०२५मध्ये माझ्या खात्यात आले आणि २७ मे २०२५ला मी ते ७८० रुपये भावाने विकले. ब्रोकरने पाठवलेल्या नफ्याच्या पत्रकात खरेदी किंमत शून्य, धारण-कालावधी साडेतीन महिने आणि १ लाख १७ हजारांची सारी रक्कम अल्पकालीन नफा अशी नोंद होती. तसेच्या तसे उतरवले असते, तर २४,३३६ रुपये कर बसला असता.

स्विचच्या उलटा प्रकार इथे होता. तिथे मालक बदलला नव्हता, तरी काळ शून्यापासून मोजायचा होता. इथे मालक बदलला होता, तरी काळ बाबांच्या खरेदीपासून सलग मोजायचा होता. वारसाने किंवा बक्षीस म्हणून मिळालेल्या मालमत्तेचा धारण-कालावधी मोजताना आधीच्या मालकाचा काळ धरतात आणि खरेदी किंमतही त्याचीच लागते. संगणकाला फक्त माझ्या खात्यात शेअर आल्याची तारीख दिसत होती, कारण एका डीमॅट खात्यातून दुसऱ्यात येताना खरेदीची किंमत बरोबर येत नाही. ती पुराव्यानिशी आपणच द्यायची असते.

पुरावा घरी सापडला. बाबांना प्रत्येक कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरकडून येणारी सौद्याची पावती, छापून, वर लाल शाईने तारीख घालून फाइलला लावायची सवय होती, आणि त्या फाइलींना आम्ही सगळे हसत असू. ९ फेब्रुवारी २०२१, १५० शेअर, भाव ३२० रुपये. किंमत ४८,००० झाली, नफा १ लाख १७ हजारांऐवजी ६९,००० झाला, आणि चार वर्षांहून जास्त काळ धरला गेल्यामुळे तो दीर्घकालीन झाला. ऑगस्टमधल्या युनिटांचे २० हजार मिळवूनही एकूण ८९ हजार होतात, म्हणजे सव्वा लाखाच्या आतच राहतात. ती नोंद नसती तर बँकेच्या जुन्या पासबुकावरून किंवा बाबांच्या ब्रोकरकडे जुने विवरण मागून खटपट करावी लागली असती. विवरणपत्र भरताना ब्रोकरचे पत्रक बाजूला ठेवून खरे आकडे लिहायचे आणि कॉन्ट्रॅक्ट नोट, वारसनोंदीचे पत्र व मृत्यूचा दाखला एकत्र जपून ठेवायचा, असे त्याने सांगितले.

उठता उठता त्याने विचारले, की तोट्यात असलेले काही आहे का? होते. नोव्हेंबर २०२४मध्ये हौसेने घेतलेले एका कंपनीचे शेअर १८ हजारांच्या आसपास तोट्यात होते. तोटाच आहे तर वर्ष पूर्ण होऊ द्यावे, असे मला वाटत होते. इथे नियम नेमका उलटा फिरतो. अल्पकालीन तोटा अल्पकालीन आणि दीर्घकालीन अशा दोन्ही नफ्यांतून वजा होतो, पण दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातूनच वजा करता येतो. माझा दीर्घकालीन नफा तसाही करमुक्त मर्यादेच्या आत होता. बारा महिने उलटून ते शेअर विकले असते, तर तो तोटा त्यातच जिरला असता आणि एक रुपयाही वाचला नसता. आत विकले, तर जूनच्या २५ हजारांच्या अल्पकालीन नफ्यातून तो वजा होणार होता, जिथे प्रत्येक रुपयाला जवळजवळ २१ पैसे कर होता.

मी लगेच विकले नाही, भाव वर येईल या आशेने दिवाळीपर्यंत वाट पाहिली. आला नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, वर्ष भरायला पंधरा दिवस असताना, बरोबर १८ हजारांच्या तोट्यात ते विकून टाकले. २५ हजारांचा नफा ७ हजारांवर आला आणि त्यावरचा कर ५,२०० ऐवजी १,४५६ रुपये झाला. ते विवरणपत्र पुढच्या जुलैत भरायचे आहे. त्यासाठी बाबांच्याच फाइलीत मागे एक कप्पा केला आहे. त्यात जूनचे, ऑगस्टचे आणि ऑक्टोबरचे असे तीन कागद लावले आहेत, आणि प्रत्येकावर लाल शाईने दोन तारखा घातल्या आहेत, घेतल्याची आणि विकल्याची.